नवीन बाबांचं डिप्रेशन: बाळाच्या पहिल्या वर्षातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपण बायकोचं झालं, मग डिप्रेशन नवऱ्याला कसं काय येतं?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि बऱ्याचदा तो बाबाच स्वतःला विचारत असतो, की त्रास तर तिला झाला, टाके तिला पडले, दूध ती पाजते, मग मला काय धाड भरलीय? पण डिप्रेशन यायला बाळंतपणच लागतं असं नाही. महिनोन्महिने तुटक झोप, पैशाची चिंता, बायकोशी निवांत बोलणं जवळपास बंद, मित्र सुटलेले, आणि वर "आता सगळं तुझ्यावर आहे" हे सतत डोक्यात, एवढं कोणालाही पुरतं. ज्याला आधी कधी डिप्रेशन येऊन गेलंय किंवा ज्याच्या बायकोला आत्ता आहे त्याला धोका जास्त. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, आधी गर्भपात झालेला असेल, तरीही.

शरीरातही बदल होतात. बाळ झाल्यावर बाबांचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि जे बाबा बाळाचं जास्त करतात त्यांचं जास्त खाली येतं, हे फिलिपिन्समधल्या पुरुषांना काही वर्षं फॉलो करून २०११ साली दाखवलं गेलं. यात वाईट काही नाही, ते होणं नॉर्मल आहे. फक्त नंतरच्या एका अभ्यासात असंही दिसलं की ज्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी त्यांच्यात उदासीची लक्षणं थोडी जास्त. तेवढ्यावरून हार्मोनमुळेच होतं असं म्हणता येणार नाही, आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्यायला तर अजिबात जाऊ नका.

किती जणांना होतं? आणि नक्की कधी?

२०१० साली ४३ अभ्यास एकत्र करून, म्हणजे जवळपास २८ हजार लोकांची माहिती धरून, एक मोठा आढावा आला होता. त्यात गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात साधारण १० टक्के बाबांमध्ये डिप्रेशन दिसलं. नंतरच्या आढाव्यात आकडा थोडा कमी, ८ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे दहा-बारा बाबांमागे एक धरा.

पण मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती वेळ. २०१० च्या आढाव्यात सगळ्यात जास्त प्रमाण बाळाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतं, तिथे आकडा २५ टक्क्यांपर्यंत गेला होता (त्या काळातले अभ्यास कमी होते, त्यामुळे २५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका). पहिल्या तीन महिन्यांत मात्र कमी. म्हणजे ज्या दिवसांत घरात माणसं असतात, फोन येतात, सुट्टी असते, तेव्हा बाबा बऱ्यापैकी उभा असतो. माणसं गेली, सुट्टी संपली, ऑफिस परत पूर्ण सुरू झालं, बाळ अजून रात्रभर झोपत नाही, आणि आता सगळ्यांनी धरून चाललंय की यांचं बसलं बस्तान, तेव्हा तो खाली जायला लागतो.

मग कोणाला दिसत का नाही?

यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण खरा मुद्दा इथेच आहे.

पहिलं म्हणजे त्याला कोणी विचारतच नाही. आईच्या तपासण्या असतात, बाळाच्या लसी असतात, वजन असतं. या सगळ्याला बाबा हजर असतो, गाडी तो चालवतो, फाइल त्याच्या हातात असते, पण प्रश्न एकही त्याच्याकडे नसतो. त्याच्या नावाचा केसपेपरच नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आईला बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीत डिप्रेशनबद्दल विचारा असं सांगितलंय, आणि जोडीदाराला सहाव्या महिन्याच्या आसपास विचारायचा विचार करा असं. म्हणजे जिथे लेखी सूचना आहे तिथेही आईला चारदा आणि बाबाला जमलं तर एकदा.

दुसरं, निदानाच्या पुस्तकातही त्याला जागा अवघडच आहे. अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम-५ मध्ये बाळंतपणाशी जोडलेलं डिप्रेशन म्हणायला ते गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर चार आठवड्यांत सुरू झालेलं हवं, आणि ती व्याख्या बाळंतिणीला धरूनच केलीय. बाबाचं चौथ्या महिन्यात सुरू झालं तर कागदावर ते नुसतं डिप्रेशन, बाळाशी त्याचा काही संबंध आहे हे नोंदलंच जात नाही. नोंद नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून पुढच्या बाबालाही कोणी विचारत नाही.

तिसरं, आणि घरातल्यांसाठी हे सगळ्यात कामाचं, ते दिसतं वेगळं. आपण शोधतो रडणारा माणूस. तो रडत नाही. तो उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो आणि ते कष्ट वाटतात. तो बाथरूममध्ये फोन घेऊन अर्धा अर्धा तास बसतो आणि ते आळस वाटतं. बाळ रडलं की तो खोलीतून निघून जातो आणि ते बेपर्वाई वाटते. छातीत भरल्यासारखं होतं, डोकं दुखतं, पोट बिघडतं, मग तो अॅसिडिटीची गोळी घेतो. यातली एकेक गोष्ट धरली तर प्रत्येकीला एक सोपं कारण चिकटलेलं आहे, आणि म्हणून सगळ्या मिळून काय सांगतायत ते कोणी बघत नाही.

आणि चौथं, तो स्वतःच लपवतो. खोटेपणाने नाही. त्याला मनापासून वाटतं की तिच्यापुढे माझं दुःख काढायचा मला हक्क नाही.

रडत नाही, उदास पण वाटत नाही, नुसता चिडतो. हे डिप्रेशन असू शकतं?

हो, असू शकतं. पुरुषांच्या डिप्रेशनमध्ये चिडचिड, राग, दारू किंवा सिगारेट वाढणं, गाडी वेडीवाकडी चालवणं, सतत कामात बुडणं हे खूप दिसतं. स्वीडनमधल्या गोटलंड बेटावर ऐंशीच्या दशकात फॅमिली डॉक्टरांना डिप्रेशन ओळखायचं ट्रेनिंग दिलं गेलं, त्यानंतर तिथे बायकांच्या आत्महत्या कमी झाल्या, पुरुषांच्या जवळपास तशाच राहिल्या. डॉक्टर जी चिन्हं शोधायला शिकले होते ती पुरुष दाखवतच नव्हते असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं, आणि तिथूनच पुरुषांसाठी वेगळी १३ प्रश्नांची यादी बनली ज्यात ताण, पटकन राग येणं, दारू, थकून कोसळल्यासारखं वाटणं असले प्रश्न आहेत.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते. राग डिप्रेशनचा भाग असू शकतो म्हणून मारहाण, धमक्या, वस्तू फेकणं चालवून घ्यायचं नाही. तसं होत असेल तर आधी आई आणि बाळ सुरक्षित जागी, नवऱ्याचं निदान त्यानंतर.

झोपच होत नाही, थकणारच ना? थकवा आणि डिप्रेशन वेगळं कसं ओळखायचं?

घरच्या घरी एक गोष्ट करून बघता येते. दोन-तीन रात्री बाळाची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घ्या आणि त्याला सलग सहा-सात तास झोपू द्या. नुसता थकवा असेल तर माणूस बराचसा परत येतो, भूक लागते, बाळाशी खेळतो, जोक करतो. डिप्रेशन असेल तर संधी मिळूनही झोप लागत नाही, किंवा पहाटे चारला जाग येते आणि छातीवर ओझं असतं, किंवा झोप होऊनही काहीच गोड लागत नाही. ही काही तपासणी नाही, अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे.

दुसरी खूण म्हणजे काळ. वाईट दिवस सगळ्यांना येतात. जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ, सलग दोन आठवडे किंवा जास्त, मन लागत नाही किंवा कशातच रस नाही, त्यासोबत झोप, भूक, लक्ष लागणं, स्वतःला नालायक समजणं यातल्या काही गोष्टी, आणि कामावर किंवा घरात त्याचा परिणाम दिसतोय, असं असेल तर डॉक्टरला दाखवायची वेळ झालीय.

ऑनलाइन प्रश्नावली भरली, स्कोअर कमी आला, म्हणजे सगळं ठीक ना?

थांबा. हे एका उदाहरणावरून सांगते. उदाहरण रचलेलं आहे पण असे बाबा भरपूर असतात.

समजा बाळ साडेचार महिन्यांचं आहे. बाबा पस्तिशीचा. दोन महिन्यांपासून रोज तासभर उशिरा घरी येतो, आला की बाळ घेतो पण पाच मिनिटांत "घे गं हिला" म्हणून परत देतो. क्रिकेट बघायचं सोडलंय. बायको म्हणते तू बदललायस, तो म्हणतो कामाचा लोड आहे.

त्याने एडिनबर्ग प्रश्नावली भरली. ही १९८७ साली नव्या आयांसाठी बनवलेली, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण ३०. हसू येतं का? आधीपेक्षा थोडं कमी, १. पुढच्या गोष्टींची उत्सुकता? बरीच कमी, २. स्वतःला उगाच दोष देता का? कधीतरी, १. विनाकारण काळजी, १. घाबरगुंडी, ०. गोष्टी अंगावर आल्यासारख्या वाटतात? हो, बऱ्याचदा, २. मन खराब म्हणून झोप लागत नाही? कधीतरी, १. उदास वाटतं? फार नाही, १. रडू येतं? छे, ०. स्वतःला इजा करायचा विचार? नाही, ०. बेरीज ९.

आयांसाठी पुष्कळ ठिकाणी १३ किंवा जास्त ही धोक्याची रेघ धरतात, काही ठिकाणी १०. त्या हिशोबाने हा बाबा पास. पण ऑस्ट्रेलियात २००१ साली हीच प्रश्नावली बाबांवर तपासली तेव्हा दिसलं की डिप्रेशन आणि अँक्झायटी दोन्ही पकडायचं असेल तर पुरुषांसाठी रेघ ६ ला हवी, त्याच अभ्यासातल्या बायकांच्या रेघेपेक्षा दोन मार्कांनी खाली, आणि याचं मोठं कारण म्हणजे पुरुष रडण्याच्या प्रश्नाला सरसकट शून्य देतात. सगळे संशोधक ६ वरच थांबत नाहीत, काही जास्त धरतात. तरी आपला ९ वाला बाबा "काही नाही" या खान्यात बसत नाही हे नक्की.

आता त्यात नसलेले प्रश्न विचारा. चिडचिड? रोज. घरी यायला नको वाटतं? हो, गाडी लावून दहा मिनिटं आतच बसून राहतो. दारू? आधी महिन्यातून एकदा, आता आठवड्यातून तीनदा. हे कुठल्याच बेरजेत आलं नाही. म्हणून स्कोअर जास्त आला तर दाखवाच, पण कमी आला आणि माणूस बदललेला दिसतोय तर माणसाकडे बघा. आणि हो, शेवटच्या इजा करण्याच्या प्रश्नाला शून्य सोडून दुसरं काहीही उत्तर असेल तर बेरीज बघायचीच नाही, त्याच दिवशी त्याच्याशी बोलायचं.

स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर? किंवा बाळाबद्दल भयानक विचार येत असतील तर?

"माझ्याशिवाय हे दोघं बरे राहतील", "गाडी ठोकली तर सुटेन" अशी वाक्यं म्हणजे आत्महत्येचाच विचार, भले तो सहज बोलल्यासारखा बोलला असेल. सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. उत्तर हो असेल, आणि त्यात कसं, कधी हे ठरलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, औषधं, दोरी, हत्यार जे काही असेल ते हाताबाहेर ठेवायचं आणि थेट इमर्जन्सीला न्यायचं किंवा तुमच्याकडच्या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा.

बाळाबद्दलचे विचार वेगळे समजून घ्या. हातातून पडलं तर, मीच काही केलं तर, अशी नकोशी चित्रं डोक्यात येणं नव्या आईबाबांमध्ये खूप कॉमन आहे, आणि ज्याला ती येतात तो त्यांना घाबरतो, बाळापासून लांब पळतो. त्यातून मग घरचे म्हणतात बाळ घेतच नाही. असे विचार डॉक्टरला सांगा, त्यावर उपचार आहेत. पण विचार पटायला लागले, आवाज ऐकू येतात, बाळात काही वाईट शक्ती आहे असं वाटतं, किंवा रागाच्या भरात बाळाला हलवावंसं वाटतंय, तर बाळ लगेच दुसऱ्याच्या हातात द्या किंवा पाळण्यात ठेवून बाहेर या, मदतीला फोन करा. पाळण्यात रडून बाळाला काही होत नाही, जोरात हलवल्याने मेंदूला इजा होते.

बायकोलाही डिप्रेशन आहे. मग दोघांनाही असू शकतं?

हो, आणि ही जोडी नेहमी डोक्यात ठेवा. आईला डिप्रेशन असलेल्या घरांत बाबांमधलं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २४ ते ५० टक्के आलंय. अशा घरात सगळे तिच्याकडे बघत असतात आणि तिला सांभाळायची ड्युटी बाबाकडे, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच पहारेकरी. तिच्या अपॉइंटमेंटला दोघं जाताच, तर डॉक्टरला तिथेच सांगा की यांचंही जरा विचारा.

बाळावर परिणाम होतो का?

इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांचा अभ्यास झाला, बाळ आठ आठवड्यांचं असताना बाबाला डिप्रेशन होतं त्या घरांतली मुलं साडेतीन वर्षांची झाल्यावर त्यांच्यात वागणुकीच्या तक्रारी जास्त दिसल्या, मुलग्यांमध्ये विशेष, आणि आईचं डिप्रेशन हिशोबात धरूनही फरक राहिला. घाबरवायला सांगत नाहीये. धोका थोडा वाढतो, प्रत्येक मुलाला काहीतरी होतंच असं नाही. आणि उपाय फार साधा आहे, बाबाचा उपचार करा.

जायचं कोणाकडे? उपचार काय असतात?

आधी तुमचा फॅमिली डॉक्टर चालतो. थायरॉइड, रक्त कमी असणं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे तपासून घेतलेलं बरं कारण त्यानेही असंच वाटतं. दारू किती, हे खरं सांगायचं. आणि आयुष्यात कधी असे दिवस आलेत का की झोप नसूनही प्रचंड एनर्जी, भरमसाठ खर्च, बोलणं थांबतच नाही, किंवा घरात कोणाला बायपोलर आहे का, हे न विचारता सांगा. कारण तसं असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी उलटी पडू शकते.

आपल्या उदाहरणातल्या बाबासारखं हलकं ते मध्यम असेल तर समुपदेशन, विशेषतः सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, आधी सुरू करता येतं. त्यात गप्पा मारून मन मोकळं करण्याच्या पुढे जाऊन छोटे छोटे प्रयोग करतात. जसं की रोज संध्याकाळी बाळाची अंघोळ किंवा मालिश पूर्ण त्याच्याकडे, बायकोने मध्ये सूचना द्यायच्या नाहीत, वीस मिनिटं. "मला काही जमत नाही" हा विचार तिथे तपासला जातो. सोबत आठवड्यातल्या दोन रात्री सलग झोप ठरवून द्यायची, दारू बंद. महिना-दीड महिन्यात परत प्रश्नावली भरायची. ९ चा ४ झाला आणि गाडीत बसून राहणं थांबलं तर गाडी रुळावर आहे. फरक नसेल किंवा सुरुवातच गंभीर असेल तर औषध.

औषधाबद्दल लोक दोन ठिकाणी चुकतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला सहा-आठ, आणि लोक दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. दुसरं, बरं वाटल्यावर लगेच बंद करतात. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायचं असतं, आणि बंद करताना डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू. लैंगिक इच्छा कमी होणं हा साइड इफेक्ट येऊ शकतो, पुरुष तो सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगा, गोळी किंवा डोस बदलता येतो.

तो यायलाच तयार नाही, "मला काही झालेलं नाही" म्हणतो. काय करू?

"तुला डिप्रेशन आहे" हे वाक्य पहिल्या दिवशी नको. जे दिसतंय ते सांगा, निदान नको. "तू दोन महिन्यांत एकदाही मॅच लावली नाहीस, रात्री जागा असतोस, काल बाळ रडलं तेव्हा तू भिंतीकडे बघत बसला होतास, मला भीती वाटली." यावर वाद घालायला जागा कमी असते. वेळ बघा, बाळ झोपलेलं असताना, भांडणानंतर नाही. समोरासमोर बसून न बोलता चालताना किंवा गाडीत बोललं तर बरेच पुरुष जास्त बोलतात. मग डॉक्टरकडे जायचं निमित्त त्याला मान्य असलेलं घ्या, झोप नाही, डोकं दुखतं, अॅसिडिटी. डॉक्टरला बाकीचं आधी फोनवर किंवा चिठ्ठीत कळवून ठेवा. आणि अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या, कारण डिप्रेशनमधल्या माणसाला फोन लावणंसुद्धा डोंगर वाटतो.

सासूबाई किंवा आई "बाबाला कसलं आलंय डिप्रेशन" म्हणत असतील तर त्यांना पटवण्यात शक्ती घालवू नका, त्यांच्याकडून दोन रात्री बाळ सांभाळून घ्या, तेवढं पुरे.

दुसऱ्या बाळाच्या वेळी परत होईल का?

होईलच असं नाही, पण एकदा आलेलं डिप्रेशन परत यायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. गरोदरपणातच डॉक्टरला सांगून ठेवा. औषध चालू असेल तर बाळ येतंय म्हणून उत्साहात बंद करू नका. सुट्टी विभागून घेता येत असेल तर सगळी पहिल्याच महिन्यात संपवू नका, थोडी चौथ्या महिन्यासाठी ठेवा. आणि कॅलेंडरवर बाळाच्या लसींच्या तारखा लिहाल तेव्हा तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या महिन्यात एकेक तारीख बाबाच्या नावाने लिहा, त्या दिवशी त्याने प्रश्नावली भरायची आणि बायकोने त्याला चिडचिड, झोप आणि दारू याबद्दल तीन प्रश्न विचारायचे.